रात्रभर बाहेर राहिलेला भात आणि सकाळची फोडणी

«रात्रीचा भात कुकरच्या भांड्यातच झाकून ओट्यावर राहतो. सकाळी मी त्याला फोडणी देते, आम्ही नाश्त्याला खातो आणि तोच मुलांच्या डब्यातही जातो. आई-आजी हेच करत आल्या. आता कुणी सांगितले की असा भात बाधतो. चांगला कडकडीत गरम केला तर चालेल ना? आणि त्यात नक्की कोणते जंतू असतात?»

ताई, मी सांगलीत गेली बावीस वर्षे अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो आणि त्यातील बरीच वर्षे आचारी, मेस आणि मंगल कार्यालये यांच्या स्वयंपाकघरांची पाहणी करण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देतो. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी कितीही गरम केला तरी तो निर्धोक झाला असे म्हणता येत नाही, कारण धोका सकाळच्या आचेवर ठरत नाही, तो रात्रीच्या तासांत ठरलेला असतो. भात किती वेळ कोमट राहिला, स्वयंपाकघर किती उष्ण होते आणि मुळात त्या तांदळात जंतू किती होते, या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. म्हणूनच एकच सवय एका घरात वर्षानुवर्षे बाधत नाही आणि दुसऱ्या घरात एका सकाळी चौघांना उलट्या होतात.

भाताच्या बाबतीत मुख्य जंतू म्हणजे बॅसिलस सेरिअस. हा मातीत राहणारा जंतू आहे. भातशेतीच्या मातीतून तो लोंबीवर येतो आणि पॉलिश केलेल्या तांदळातही थोड्या संख्येने सापडतो. मग तो इंद्रायणी असो, कोलम असो की बासमती. तांदूळ धुतल्याने त्याची संख्या कमी होते, पण तो पूर्णपणे जात नाही. त्यामुळे तो तांदळात असणे हा कुणाच्या अस्वच्छतेचा पुरावा नव्हे.

या जंतूचे वैशिष्ट्य असे की परिस्थिती प्रतिकूल झाली की तो बीजाणू तयार करतो. बीजाणू म्हणजे जाड आवरणात झोपलेला, कोरडा, न वाढणारा जंतू. साध्या पातेल्यात भात शिजताना तापमान शंभर अंशांच्या आसपास असते. त्या उष्णतेत इतर जंतू मरतात, पण या बीजाणूंपैकी बरेच तग धरतात. उलट शिजताना मिळालेल्या उष्णतेमुळे ते जागे होण्यास तयार होतात आणि आजूबाजूचे प्रतिस्पर्धी जंतू मेलेले असल्याने त्यांना मोकळे रान मिळते. मऊ झालेला, पाण्याने भरलेला, पिष्टमय भात कोमट झाला की बीजाणू फुटतात, वाढू लागतात आणि दुप्पट होत जातात.

तुम्ही कुकर वापरता, म्हणून त्याबद्दल वेगळे सांगतो. कुकरमध्ये दाब पूर्ण तयार झाल्यावर तापमान एकशेवीस अंशांच्या जवळ जाते आणि तिथे बीजाणू बरेच जास्त मरतात, ही कुकरची जमेची बाजू आहे. मात्र तीन शिट्ट्यांत डब्यातील भाताच्या मध्यापर्यंत ती उष्णता किती वेळ टिकते हे तांदळाच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि रात्री वाढताना झाकण उघडले, पळी आत गेली, उरलेला भात हाताने सारखा केला की बाहेरचे जंतू पुन्हा आत जातात. म्हणून कुकरमुळे धोका कमी होतो असे मी म्हणेन, संपतो असे म्हणणार नाही.

आता सकाळच्या फोडणीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. बॅसिलस सेरिअसच्या काही प्रकारांत भातात वाढत असतानाच सेर्युलाइड नावाचे विष तयार करण्याची क्षमता असते. सगळ्यांत नसते, थोड्याच प्रकारांत असते. हे विष म्हणजे कडीसारखा बंद असलेला एक छोटा रेणू आहे. जंतू भाजला जातो, पण हा रेणू भाजला जात नाही. प्रयोगांत तो १२१ अंशांवर दीड तास ठेवूनही टिकलेला आढळला आहे. पोटातील आम्ल त्याला मारत नाही आणि पचनरसही त्याला तोडत नाहीत. कढईत मोहरी तडतडू द्या, भात दहा मिनिटे परता, कुकरमध्ये पुन्हा तीन शिट्ट्या करा, तरी भातात तयार झालेले विष तसेच पोटात जाते. गरम करण्याने फक्त सकाळी जिवंत असलेले जंतू मरतात, त्यांनी रात्रभर करून ठेवलेले काम पुसले जात नाही.

हा जंतू आतड्यात पोचल्यावर दुसऱ्या प्रकारचे विषही तयार करतो. त्याने जुलाब आणि पोटात कळा येतात आणि ते साधारण सहा ते पंधरा तासांनी सुरू होते. ते विष आणि ते तयार करणारे जागे झालेले जंतू उष्णतेने नष्ट होतात, त्यामुळे गरम करण्याचा फायदा तिथे मिळतो. भाताच्या बाबतीत मात्र जास्त त्रास पहिल्या प्रकाराचा असतो. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत मळमळ आणि एकामागून एक उलट्या होतात, सहसा ताप नसतो, आणि बहुतेक लोक एका दिवसात सावरतात.

आणखी एक जंतू याच यादीत येतो, तो स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो तांदळातून येत नाही, माणसाच्या हातातून, नाकातून, बोटावरच्या पिकलेल्या जखमेतून येतो. त्याचेही विष उकळण्याने जात नाही आणि त्याचीही उलटी काही तासांतच सुरू होते. लक्षणांवरून हे दोघे वेगळे ओळखणे कठीण असते. उरलेला भात हाताने मोकळा करून ठेवण्याची सवय असलेल्या घरात मी या दुसऱ्याची शक्यता आधी विचारात घेतो.

आता रात्री पातेल्यात काय घडते, हे आकड्यांनी समजावून घेऊ. उन्हाळ्यातल्या एका रात्री मी माझ्याच घरी एक किलोच्या आसपास शिजलेल्या भाताच्या मध्यावर तापमापक ठेवून पाहिले होते. ओट्यावरची हवा तीस अंश होती आणि झाकण लावलेले होते. नऊ वाजता भात पंचाण्णव अंशांवर होता, अकराला पन्नासच्या आसपास आला, बाराला चाळीसवर आणि एकला छत्तीसवर. म्हणजे रात्री साडेअकरापासून तो या जंतूला वाढता येईल अशा तापमानात आला आणि सकाळपर्यंत तिथेच राहिला. तीस अंशांच्या जवळपास शिजलेल्या भातात बॅसिलस सेरिअस साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. बीजाणू फुटून वाढ सुरू होण्यास तासभर दिला तर साडेबारापासून सकाळी साडेसहापर्यंत सहा तास मिळतात, म्हणजे बारा वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे चार हजार पट.

जर सुरुवातीला एका ग्रॅम भातात दहाच बीजाणू जिवंत राहिले असतील, तर सकाळी साडेसहाला ते चाळीस हजारांच्या घरात असतात. त्रास होण्याइतके विष तयार होण्यासाठी सामान्यतः ग्रॅममागे लाखाच्या वरची संख्या लागते, म्हणून ती सकाळ निभावून जाते. पण त्याच भांड्यात सुरुवातीला ग्रॅममागे हजार असतील, तर सकाळी त्याच वेळी चाळीस लाख होतात. आणि पहिल्या भाताला आणखी दोन तास ओट्यावर राहू दिले, तर तोही साडेआठपर्यंत सहा लाखांच्या पुढे जातो. तांदळाची पिशवी बदलली, भात थोडा जास्त उरला, रविवारी उठायला उशीर झाला, एवढ्या फरकाने निकाल बदलतो. हे अंदाजाचे गणित आहे, प्रत्येक भांड्यात घडेलच असे नाही. पण तुमच्या आई-आजींना काही झाले नाही, हे खरे असूनही आपल्याला तेवढ्यावर विसंबता का येत नाही, ते यावरून दिसते.

त्यांच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. घरे दगडमातीची आणि रात्री गार असत. साताऱ्याकडच्या डिसेंबरच्या रात्रीत स्वयंपाकघर वीस अंशांच्या खाली जाते, तेव्हा दुप्पट होण्याचा वेळ दीड-दोन तासांवर जातो आणि सकाळपर्यंत तीन-चारच फेऱ्या होतात. भात रोज मोजका शिजत असे, पातळ थरात उरत असे. काही घरांत तो रात्रीच भरपूर आंबट ताकात कालवून ठेवत. ताकातली आंबटाई जंतूंची वाढ थोपवते, म्हणून गार झाल्यावर लगेच कालवलेला ताकभात ओट्यावरच्या कोरड्या भातापेक्षा बरा ठरतो. मात्र रात्रभर तसाच राहिलेल्या भातात सकाळी ताक घातले तर काहीही साधत नाही, कारण सेर्युलाइड आम्लाने जात नाही.

शिळी भाकरी चालते, मग भात का नाही, असे मला अनेकदा विचारले जाते. भाकरी पातळ असते, तव्यावरून उतरल्यावर काही मिनिटांत गार होते आणि तिच्या पृष्ठभागावर ओल कमी राहते. भात पातेल्यात ढीग होऊन बसतो, ओल धरून ठेवतो आणि मध्यभागी तासन्तास कोमट राहतो. त्यामुळे शिळे म्हणून दोघांना एका मापाने मोजू नये.

वासावरून किंवा चवीवरून हे ओळखता येत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. भाताला आंबूस वास आला, तार सुटली, बोटाला चिकट लागला तर तो टाकायचा हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ती खूण बहुधा इतर जंतूंची असते. बॅसिलस सेरिअसची संख्या धोक्याला पोचली तरी भात पांढरा, मोकळा आणि बिनवासाचा असू शकतो, आणि सेर्युलाइडला चव नाही. त्यामुळे वासावर टाकलेला भात बरोबर टाकलेला असतो, वासावर ठेवलेला भात मात्र बरोबर ठेवलेला असेलच असे नाही.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यातून प्रयोगशाळेच्या अहवालाचीही एक मर्यादा कळते. सांगलीजवळच्या एका मंगल कार्यालयात मे महिन्यात रात्रीचे जेवण झाल्यावर मोठ्या पातेल्यात आठ-नऊ किलो भात उरला. आचाऱ्याने त्यावर झाकण आणि ओले फडके टाकले आणि भट्टीशेजारीच ठेवले. सकाळी साडेआठला त्यातील बहुतेक भाताला कांदा-मिरचीची फोडणी देऊन तो मुक्कामी पाहुण्यांना नाश्त्याला वाढला. काहींनी पोहे खाल्ले. भात खाल्लेल्या अकरा जणांपैकी सात जणांना साडेदहा ते एकच्या दरम्यान उलट्या सुरू झाल्या. फक्त पोहे खाल्लेल्या कुणालाही त्रास झाला नाही. संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले.

आमच्याकडे दोन नमुने आले: फोडणीच्या भाताचा डब्यातला घास आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेला, फोडणी न दिलेला भात. अंड्याचा पिवळा बलक आणि मॅनिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असलेल्या, जंतू वाढवण्याच्या माध्यमावर आम्ही त्यांतले जंतू वाढवले. या माध्यमावर बॅसिलस सेरिअसच्या वसाहती, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके, गुलाबी होतात आणि त्यांच्याभोवती पांढुरके वलय पडते. फोडणीच्या भातात संख्या ग्रॅममागे काही शेकडाच आली. तेवढ्यावर अहवाल लिहिला असता तर भात निर्दोष ठरला असता. पातेल्यातल्या भातात मात्र ग्रॅममागे साठ लाखांच्या वर वसाहती मिळाल्या. कढईने जंतू मारले होते, म्हणून खाल्लेल्या भातात ते दिसले नाहीत. विष मोजण्याची सोय आमच्याकडे नव्हती, पण उलट्यांची वेळ, खाल्ले-न खाल्लेल्यांतला फरक आणि पातेल्यातली संख्या तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवत होत्या.

त्या आचाऱ्याने मला विचारले होते, «साहेब, एवढा परतला, धूर निघेपर्यंत. मग कसे झाले?» त्याने परतण्यात कसूर केली नव्हती. चूक रात्री दहाला झाली होती. एवढ्या मोठ्या पातेल्यात भाताचा मधला भाग सकाळी सातलाही अंगाला कोमट लागत होता, हे त्याने स्वतःच सांगितले. लहान भांडे काही तासांत गार होते, मोठे पातेले रात्रभर गार होत नाही, आणि नेमक्या त्या कोमट पट्ट्यात जंतूला जे हवे ते सगळे मिळते.

हाच प्रकार ब्रिटनमध्ये १९७१ पासून लक्षात आला. तिथल्या चिनी उपाहारगृहांत भात मोठ्या प्रमाणात उकडून रात्रभर बाहेर ठेवत, कारण फ्रिजमध्ये ठेवलेला भात गोळा होतो आणि परतताना सुटा होत नाही. दुसऱ्या दिवशी तो थोडा वेळ परतून वाढत. आपल्या फोडणीच्या भाताची पद्धत अगदी तीच आहे, फक्त सोया सॉसऐवजी हळद-मोहरी आहे.

बहुतेक वेळा हा त्रास एका दिवसात जातो, तरी विष खूप जास्त प्रमाणात पोटात गेल्यास यकृतावर परिणाम होऊ शकतो, कारण सेर्युलाइड पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचे काम बिघडवते. २००८ मध्ये बेल्जियममध्ये पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्लेल्या एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता. पाच दिवस आणि एक रात्र यांची तुलना नको आणि अशा घटना फार दुर्मीळ आहेत, पण ती स्पॅगेटी गरम केलेली होती, एवढे लक्षात राहू द्यावे. लहान मुलाला उलट्या सुरू झाल्यास जलसंजीवनी घोट-घोट द्यावी. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, मूल गुंगीत असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा उलटी-शौचात रक्त असेल, तर डॉक्टरांकडे ताबडतोब न्यावे आणि काय, किती वाजता खाल्ले ते सांगावे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल बोलत नाही.

उपाय सोपा आहे आणि त्यात तुमची जेमतेम पंधरा मिनिटे जातात. उरणार असेल असे वाटणारा भात वाढण्याआधीच स्वच्छ पळीने वेगळा काढा. तो परातीत किंवा पसरट ताटात दीड-दोन इंचांपेक्षा जाड नसलेल्या थरात पसरा, वर जाळी ठेवा आणि पंख्याखाली राहू द्या. मोठा ढीग तासन्तास कोमट राहतो, तोच भात अशा थरात पाऊण तासात हाताला गार लागतो. मग बुटक्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. शिजल्यापासून फ्रिजपर्यंत एक तास, फार तर दोन, एवढीच सवलत घ्या. भात थोडा कोमट असतानाही फ्रिजमध्ये गेला तर बिघडत नाही, फ्रिज खराब होतो ही समजूत सोडून द्यावी. फ्रिज पाच अंशांखाली असेल तर वाढ जवळजवळ थांबते. मात्र रात्री वीज काही तास गेली असेल आणि डबा सकाळी कोमट लागला, तर तो भात ओट्यावर राहिल्यासारखाच समजावा.

फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच गरम करावा. थोडे पाणी शिंपडून, झाकण ठेवून, मध्यापर्यंत वाफ येईल असा. भात चिकटतो म्हणून फ्रिज टाळण्याची गरज नाही. वाफेवर तो पुन्हा मोकळा होतो, आणि फोडणीसाठी तर गार, सुटा भात जास्त चांगला परतता येतो.

आणि आता मुलांचा डबा. फोडणी दिलेला भात सातला डब्यात बंद होतो आणि मधली सुट्टी अकराच्या पुढे असते. फोडणीनेही बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे बंद, उबदार डब्यात पुन्हा चार-पाच तास मिळतात. रात्री फ्रिजमध्ये ठेवलेला भात सकाळी नीट वाफवून दिला आणि तो सकाळी गार करून भरला, तर एवढ्या वेळात सहसा फार वाढ होत नाही. ओट्यावरच्या भाताचे मात्र रात्रीचे सहा तास आणि डब्यातले चार तास एकत्र मोजावे लागतात. तुमच्या जागी मी असतो तर रात्रीचा भात ओट्यावर राहिला असेल त्या दिवशी मुलांच्या डब्यात पोळी-भाजी दिली असती आणि तो भात, अर्धा किलो असला तरी, टाकून दिला असता.